कोरड्या उन्हाळ्यात गोदामाची थंडाई : वेट बल्बचे अंतर आणि पाण्याचा हिशेब

पाण्याचे बाष्प होताना उष्णता लागते आणि ती उष्णता पाणी आजूबाजूच्या हवेतून व पृष्ठभागातून ओढून घेते. एक लिटर पाणी पूर्ण बाष्प होताना सुमारे २,४३० किलोज्यूल, म्हणजे विजेच्या भाषेत पाऊण युनिटपेक्षा थोडी कमी उष्णता शोषली जाते. विदर्भातल्या घराघरांत उन्हाळ्यात चालणारा डेझर्ट कूलर याच तत्त्वावर चालतो. बाहेरची तापलेली कोरडी हवा ओल्या ताटीतून ओढली जाते, ताटीतले पाणी उडते आणि हवा गार होऊन खोलीत येते. पण उडालेले पाणी कुठे नाहीसे होत नाही. ते त्याच हवेबरोबर खोलीत येते. माणसाला मे महिन्यात हा ओलावा सुखाचा वाटतो. डाळीची पोती, पिठाच्या पिशव्या, हळद-मिरचीची पाकिटे आणि पुठ्ठ्याचे खोके यांना तो मानवत नाही.

अप्रत्यक्ष बाष्पीभवनाची पद्धत इथे वेगळी वाट धरते. पाणी उडते एका हवेत आणि गार होते दुसरी हवा. दोन्हींच्या मध्ये पातळ पत्र्याची किंवा प्लास्टिकची भिंत असते. अशा पातळ पट्ट्या एकमेकींजवळ उभ्या करून त्यांच्यामध्ये काही मिलिमीटर रुंदीचे असंख्य मार्ग ठेवलेले असतात. एक मार्ग कोरडा, त्याच्या शेजारचा ओला, पुन्हा कोरडा, पुन्हा ओला. ओल्या मार्गांत वरून पाणी फवारले जाते आणि त्यातून एक हवा वाहते. तिला दुय्यम हवा म्हणतात. पाणी उडाल्याने पट्टी गार होते. पट्टीच्या पलीकडून, कोरड्या मार्गातून, गोदामात जायची प्राथमिक हवा वाहत असते. तिची उष्णता पट्टीतून ओल्या बाजूला जाते. प्राथमिक हवा गार होते, पण तिच्यात पाण्याचा एक कणही वाढत नाही. ओलसर झालेली दुय्यम हवा छतावरून बाहेर सोडली जाते.

ही पद्धत किती गारवा देऊ शकते हे हवेच्या दोन तापमानांवर ठरते. साधा तापमापक दाखवतो ते कोरडे तापमान. त्याच तापमापकाच्या बल्बला मलमलीचे ओले फडके गुंडाळून त्यावरून वेगाने हवा वाहू दिली की पारा खाली उतरतो आणि एका ठिकाणी थांबतो. ते वेट बल्ब तापमान. फडक्यातून पाणी उडताना जितकी उष्णता जाते तितकीच आजूबाजूच्या हवेतून आत येते, म्हणून पारा तिथे स्थिरावतो. हवा कोरडी असेल तर तो खूप खाली जातो. दमट असेल तर थोडासाच. साध्या डेझर्ट कूलरला या मर्यादेखाली हवा नेता येत नाही, आणि बाहेरचीच हवा दुय्यम म्हणून वापरणाऱ्या साध्या अप्रत्यक्ष यंत्रालाही नाही.

नागपूरचा मे महिन्यातला एक कडक दुपारचा प्रहर उदाहरणाला घेऊ. कोरडे तापमान ४३ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच आहे. तिथला हवेचा दाब धरून हिशेब केला तर वेट बल्ब तापमान २२ अंशांच्या आसपास येते. दोन तापमानांत २१ अंशांचा फरक पडतो. हा फरक म्हणजे पाण्याच्या बाष्पीभवनातून मिळू शकणाऱ्या गारव्याची एकूण पुंजी. मुंबईत किंवा पणजीत त्याच दिवसांत ही पुंजी बरीच लहान असते, म्हणून कोकणात कूलर चालत नाही आणि नागपुरात चालतो.

यंत्राला ही सगळी पुंजी मिळत नाही. गोदामात येणारी हवा वेट बल्बपर्यंत पोहोचत नाही, काही अंश वरच थांबते. बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान आणि वेट बल्ब तापमान यांतले हे उरलेले अंतर म्हणजे वेट बल्ब अ‍ॅप्रोच. पट्ट्यांच्या चांगल्या अप्रत्यक्ष यंत्राची कार्यक्षमता ७० टक्क्यांच्या घरात असते, म्हणजे २१ अंशांपैकी सुमारे १५ अंश ते उतरवते. ४३ अंशांची हवा २८ अंशांवर येते आणि अ‍ॅप्रोच ६ अंशांचा राहतो. डेझर्ट कूलरची चांगली ताटी ८५ टक्क्यांपर्यंत जाते आणि हवा २५ अंशांवर आणते. थंडाई फक्त अंशांत मोजली तर कूलर सरस ठरतो. पण त्या २५ अंशांच्या हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास असते, आणि अप्रत्यक्ष यंत्रातून आलेल्या २८ अंशांच्या हवेची ३४-३५ टक्के. साठवलेल्या धान्याभोवतीची हवा दीर्घकाळ ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला वाव मिळतो. गोदामाच्या मध्यभागी कूलरची हवाही तापून बरीच कोरडी होते, हे खरे. पण हवेच्या तोंडाशी असलेल्या थप्प्या संपूर्ण उन्हाळा त्या ७५ टक्क्यांच्या झोतात उभ्या असतात. माल बिघडतो तो तिथून.

अ‍ॅप्रोचचा आकडा एकटा वाचला तर फसवतो, आणि यंत्राच्या माहितीपत्रकांत तो बहुधा एकटाच छापलेला असतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नागपूरला ढग येऊ लागले की दुपारचे तापमान ३८ आणि वेट बल्ब २६ अशी स्थिती येऊ शकते. आता फरक १२ अंशांचाच आहे. तेच यंत्र, तीच कार्यक्षमता. हवा साडेएकोणतीस अंशांवर येते आणि अ‍ॅप्रोच साडेतीन अंशांचा दिसतो. मे महिन्यातल्या सहा अंशांपेक्षा हा आकडा सुंदर आहे, पण यंत्र काही सुधारलेले नाही. गारवा पंधरा अंशांवरून साडेआठवर आला आहे. अ‍ॅप्रोच विचारताना तो कोणत्या कोरड्या आणि कोणत्या वेट बल्ब तापमानाला मोजला, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

आता एका गोदामाचा हिशेब मांडू. २,००० चौरस मीटर जमीन, आठ मीटर उंची, विटांच्या भिंती, वर पत्रा. आत डाळी, पीठ आणि मसाल्यांचे पॅकबंद खोके पॅलेटवर रचलेले. बाहेर ४३ अंश असताना आतले तापमान ३३ अंशांच्या वर जाऊ द्यायचे नाही, एवढी माफक अपेक्षा. यंत्राचा विचार करण्याआधी वरच्या पत्र्याकडे पाहावे लागते. भर उन्हात पत्र्याचा वरचा पृष्ठभाग साठ अंशांच्या पुढे जातो. खाली काहीच उष्णतारोधक थर नसेल तर नुसत्या छतातून ३०० किलोवॉटच्या आसपास उष्णता आत येऊ शकते. पन्नास मिलिमीटर जाडीचे उष्णतारोधक पॅनेल बसवले तर हाच आकडा ३० किलोवॉटवर येतो. हे काम न करता कोणतेही यंत्र बसवणे म्हणजे उघड्या छताला पाणी पाजणे. छत नीट केले, असे धरून भिंती, दिवे, फोर्कलिफ्ट आणि माणसे मिळून एकूण भार ८० किलोवॉट मानू.

यंत्रातून २८ अंशांची हवा येते आणि गोदामातून ३३ अंशांवर बाहेर पडते. म्हणजे प्रत्येक किलो हवा पाच अंशांइतकीच उष्णता उचलते. ८० किलोवॉट उचलायला सेकंदाला जवळजवळ १६ किलो, म्हणजे तासाला सुमारे ५०,००० घनमीटर हवा लागते. समजा यंत्र जरा हलके घेतले आणि अ‍ॅप्रोच ६ ऐवजी ८ अंशांचा निघाला. दोन अंश ही किरकोळ गोष्ट वाटते. पण आता हवा ३० अंशांवर येते आणि ३३ पर्यंत जायला तीनच अंश उरतात. तेवढीच उष्णता उचलायला हवा तासाला ८४,००० घनमीटर लागेल. त्याच नळांतून एवढी हवा ढकलायची तर पंख्याची वीज प्रवाहाच्या घनाच्या प्रमाणात, म्हणजे साडेचारपटीने वाढते. प्रत्यक्षात कोणी तसे करत नाही. नळ आणि यंत्र मोठे घ्यावे लागते किंवा गोदाम ३५ अंशांवर सोडून द्यावे लागते. कोरड्या हवेच्या प्रदेशातही गोदामाची योजना फसते ती बहुधा या दोन अंशांत.

या हिशेबात एक उधळपट्टी दडलेली आहे. यंत्र बाहेरच्या हवेला ४३ वरून २८ वर आणते तेव्हा ते २४० किलोवॉटचे काम करते. त्यातले गोदामाच्या कामी येतात फक्त ८०. उरलेले १६० किलोवॉट बाहेरची हवा नुसती ३३ अंशांपर्यंत उतरवण्यात जातात, आणि ३३ अंशांची ती हवा पुढे दारांतून व झरोक्यांतून निघून जाते. विक्रेत्याच्या कागदावर २४० किलोवॉटची थंडाई लिहिलेली असते आणि ती खोटी नसते. पण गोदामाला ८० मिळतात.

ही उधळपट्टी बऱ्याच अंशी थांबवता येते, आणि या सगळ्या विषयातली सर्वांत कामाची युक्ती तीच आहे. दुय्यम हवा बाहेरून घेण्याऐवजी गोदामातून निघणारी हवाच ओल्या मार्गांत फिरवायची. अप्रत्यक्ष यंत्राने हवेत ओलावा घातलेला नाही, त्यामुळे गोदामातली ३३ अंशांची हवा बाहेरच्या हवेइतकीच कोरडी असते; फक्त दहा अंश कमी तापलेली. तिचे वेट बल्ब तापमान १९ अंशांच्या आसपास येते, बाहेरच्या हवेपेक्षा तीन अंशांनी खाली. पट्ट्यांच्या ओल्या बाजूला आता १९ अंशांची मर्यादा मिळते आणि तेच यंत्र प्राथमिक हवा २८ ऐवजी २६ अंशांवर आणते. गोदामात हवा आता सात अंश उचलू शकते, म्हणून तासाला ५०,००० ऐवजी ३६,००० घनमीटर पुरतात. डेझर्ट कूलर लावलेल्या गोदामाला ही युक्ती उपलब्ध नसते, कारण तिथली निघणारी हवा आधीच ओली झालेली असते.

अर्थात त्यासाठी निघणारी हवा गोळा करता आली पाहिजे. यंत्राला प्राथमिक हवेच्या साठ टक्क्यांइतकी दुय्यम हवा लागते असे धरले, तर तेवढी हवा नळातून यंत्रापर्यंत परत यायला हवी. ट्रक लागतात त्या डॉकची दारे दिवसभर सताड उघडी राहत असतील तर ती हवा दारांतूनच निघून जाते आणि परतीच्या नळात बाहेरची तापलेली हवा ओढली जाते. डॉकला पट्ट्यांचे पडदे किंवा झटपट उघडमीट होणारी दारे असणे ही मग चैन राहत नाही. आत येणारी हवा परत जाणाऱ्या हवेपेक्षा जास्त असल्याने गोदामात थोडा दाब टिकतो आणि धूळ व लू आत शिरत नाही, हा वरचा फायदा.

याहून पुढे जाणारी एक रचनाही आहे. कोरड्या मार्गात गार झालेल्या हवेचाच काही भाग वळवून ओल्या मार्गात सोडला की तिचे वेट बल्ब आणखी खाली असते आणि हवा बाहेरच्या वेट बल्बच्याही खाली उतरू शकते. तत्त्वतः मर्यादा दवबिंदूची, जो आपल्या उदाहरणात ११ अंश आहे. वालेरी मायसोत्सेन्को यांच्या नावाने ओळखले जाणारे चक्र ते हेच. त्यासाठी गार केलेल्या हवेचा मोठा वाटा सोडून द्यावा लागतो, यंत्र मोठे होते आणि मार्ग फार अरुंद असल्याने क्षारांचा व धुळीचा त्रास वाढतो. ३३ अंशांवर समाधानी असलेल्या डाळीच्या गोदामाला त्याची गरज नाही.

पाण्याचा खर्च दोन वाटांनी होतो. पहिली वाट बाष्पीभवनाची. एक किलोवॉट उष्णता तासभर काढायला तत्त्वतः दीड लिटर पाणी उडावे लागते. २४० किलोवॉटला या हिशेबाने तासाला ३५५ लिटर पुरायला हवेत. प्रत्यक्षात ते पुरत नाहीत, कारण ओल्या बाजूचे पाणी फक्त पलीकडची हवा गार करत नाही. दुय्यम हवा स्वतःच ४३ अंशांवर आत आलेली असते आणि ३० अंशांच्या आसपास बाहेर पडते. तिला गार करण्यासाठीही पाणी उडते आणि त्या गारव्याचा गोदामाला काही उपयोग नसतो. दोन्ही मिळून तासाला सुमारे ५२० लिटर उडतात. निघणारी हवा दुय्यम म्हणून वापरली तर ती ३३ अंशांवर आत येते, तिच्यावर पाणी जवळजवळ वाया जात नाही, शिवाय एकूण हवाही कमी लागते. उडणारे पाणी ३२० लिटरवर येते. थंडाई तीच, पाणी जवळजवळ ४० टक्क्यांनी कमी. अ‍ॅप्रोच आणि पाणी हे दोन प्रश्न वेगवेगळे मांडले जातात, पण मुळाशी दुय्यम हवा कोणती घेतली याच एका निर्णयाला दोन्ही बांधलेले आहेत.

दुसरी वाट ब्लीडची, म्हणजे मुद्दाम सोडून द्यायच्या पाण्याची. पाणी उडते तेव्हा क्षार मागे राहतात. यंत्राच्या तळाशी असलेल्या टाकीतले पाणी पुन्हा पुन्हा फवारले जात असल्याने ते तासागणिक जड होत जाते. बोअरवेलच्या पाण्यात लिटरमागे ६०० मिलिग्रॅम क्षार असतील आणि टाकीत १,८०० पर्यंत चालवायचे ठरवले तर ते तिपटीने घट्ट होऊ दिले असे होते. मग दर दोन लिटर उडालेल्या पाण्यामागे एक लिटर पाणी सोडावे लागते. पहिल्या रचनेत ५२० लिटरवर २६० लिटर ब्लीड मिळून तासाला ७८० लिटर. दुसऱ्या रचनेत ३२० वर १६० मिळून ४८०. दुपटीवरच थांबवले तर जितके उडते तितकेच सोडावे लागते. चौपटीपर्यंत नेले तर उडालेल्या पाण्याच्या एक-तृतीयांश पुरते. त्यापुढे बचत फारशी उरत नाही आणि पट्ट्यांवर पांढरा थर धरण्याचा धोका मात्र झपाट्याने वाढतो.

दिवसाचे सोळा तास यंत्र चालले आणि सरासरी भार कमालीच्या दोन-तृतीयांश धरला तर पहिली रचना दिवसाला ८,३०० लिटर आणि दुसरी ५,१०० लिटर पाणी घेते. मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतच्या नव्वद दिवसांत हे साडेसात लाख आणि साडेचार लाख लिटर होतात. उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या तालुक्यात हा आकडा लहान नाही. तिथे तो लपवून यंत्राची भलामण करणे बरोबर नाही.

वातानुकूलनाशी तुलना करतानाही हात आखडूनच बोलावे लागते. त्याच ८० किलोवॉटच्या भाराला कॉम्प्रेसरवर चालणारे यंत्र, आतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवत, ४३ अंशांच्या उन्हात ३० किलोवॉटच्या आसपास वीज घेईल आणि पाणी अजिबात घेणार नाही. अप्रत्यक्ष यंत्राचे दोन पंखे आणि पंप मिळून १४-१५ किलोवॉट घेतात. म्हणजे वीज निम्मी लागते. एक-दशांश विजेत थंडाई, असे दावे २४० किलोवॉटचा आकडा पुढे करून केले जातात. दुसरा एक युक्तिवाद असा असतो की वाचलेल्या विजेमुळे औष्णिक केंद्रातले पाणी वाचते. कोराडी आणि खापरखेडा ही केंद्रे नागपूरच्या उशालाच आहेत, म्हणून तो इथे पटकन पटतो. केंद्र सरकारने २०१५ मध्ये जुन्या औष्णिक केंद्रांसाठी घातलेली मर्यादा युनिटमागे साडेतीन लिटरची आहे. तासाला पंधरा युनिटे वाचली तर पन्नास-पंचावन्न लिटर वाचतात. यंत्र उडवते आणि सोडते ते ४८० ते ७८०. पाण्याच्या हिशेबात ही पद्धत वातानुकूलनावर मात करू शकत नाही. तिचा फायदा विजेत आहे आणि सतत येणाऱ्या ताज्या हवेत आहे. वर, बिघाड झाला तर तो गावातल्या मिस्त्रीला दुरुस्त करता येतो.

पाण्याची सोय गोदामाच्या छतावरच असते, पण ती पावसाळ्यात. नागपूरला वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. दोन हजार चौरस मीटर छतावरून गळती-वाया जाणे वजा करूनही सोळा लाख लिटर सहज मिळू शकतात. अडचण साठवणुकीची आहे: सप्टेंबरचे पाणी मेपर्यंत धरून ठेवायला साडेचार लाख लिटरची झाकलेली टाकी लागते, आणि तिचा खर्च यंत्राच्या खर्चाशी बरोबरी करू शकतो. पण पावसाच्या पाण्यात क्षार नगण्य असतात. त्यातला थोडासा भाग बोअरच्या पाण्यात मिसळला तरी ब्लीड लक्षणीय घटतो, त्यामुळे लहान टाकीही वाया जात नाही. सोडलेले पाणी शौचालयांना, आवारात शिंपडायला वापरता येते. झाडांना मात्र ते सतत घालू नये, जमिनीत क्षार साठतात.

यंत्र बिघडत चालल्याचे सर्वांत आधी कळते ते तीन तापमानांवरून: आत शिरणाऱ्या प्राथमिक हवेचे कोरडे तापमान, दुय्यम हवेचे वेट बल्ब आणि गोदामात जाणाऱ्या हवेचे तापमान. पंधरा दिवसांतून एकदा, दुपारी तीनच्या सुमारास ही मोजून कार्यक्षमता काढली तर अ‍ॅप्रोचसारखी ती हवामानाबरोबर हेलकावत नाही. मार्चमध्ये ७१ टक्के होती आणि मेच्या सुरुवातीला ६० वर आली, तर ओल्या बाजूला काहीतरी झाले आहे. बहुतेक वेळा ते क्षारांचे असते. पाणी वाचवण्यासाठी कोणीतरी ब्लीडची तोटी बंद केलेली असते. आठवडाभर बचत दिसते, महिन्याभरात पट्ट्यांवर थर जमतो, पाणी सगळीकडे पसरत नाही, कोरडे पट्टे पडतात आणि त्या जागी थंडाई संपते. फवाऱ्याची तोंडे बुजली तरी परिणाम तोच. टाकीतल्या पाण्याची विद्युतवाहकता मोजणारा साधा मीटर हाताशी असला तर तोटीचा निर्णय अंदाजावर सोडावा लागत नाही.

कार्यक्षमता उतरली पण पट्ट्या स्वच्छ दिसत असतील तर छतावर जाऊन वाऱ्याची दिशा पाहावी. ओली दुय्यम हवा जिथे बाहेर पडते तिथूनच काही अंतरावर ताज्या हवेचे तोंड असले, तर वारा फिरल्यावर ती ओली हवा पुन्हा आत ओढली जाते. वेधशाळेचा वेट बल्ब २२ सांगतो आणि यंत्राच्या तोंडाशी तो २४-२५ असतो. म्हणून वेट बल्ब नेहमी यंत्राच्या तोंडाशीच मोजायचा.

तिसरा बिघाड तापमानात दिसतच नाही. मधल्या पट्टीला भेग गेली किंवा कडेचा सांधा सुटला की ओल्या बाजूची हवा कोरड्या बाजूत झिरपते. हवा उलट थोडी अधिकच गार लागते आणि सगळे खूश होतात. पण डाळीच्या गोदामासाठी अप्रत्यक्ष यंत्र घेण्याचे कारणच त्यात बुडते. हे ओळखायचे तर आत येणाऱ्या हवेचा दवबिंदू बाहेरच्या हवेच्या दवबिंदूशी ताडून पाहायचा. दोन्ही सारखे असले पाहिजेत. दोन अंशांचाही फरक दिसला तर सांधे तपासायचे. कोरड्या बाजूचा दाब ओल्या बाजूपेक्षा थोडा जास्त ठेवला, तर अशी गळती झालीच तरी ती बाहेरच्या दिशेने होते. दुय्यम पंखा ढकलण्याऐवजी ओढणारा बसवण्यामागे हा विचार असतो.

टाकीतले कोमट पाणी दिवसेंदिवस साचू देणे आरोग्याला घातक आहे. २० ते ४५ अंशांच्या दरम्यान लीजिओनेला हा जिवाणू वाढतो आणि त्याचा प्रसार बारीक थेंबांतून श्वासावाटे होतो. गोदामात जाणाऱ्या हवेचा पाण्याशी संबंध येत नसला तरी छतावरून निघणाऱ्या दुय्यम हवेबरोबर थेंब उडू शकतात आणि छतावर काम करणारा माणूस त्यांत उभा असतो. थेंब अडवणाऱ्या जाळ्या जागेवर हव्यात. टाकी रोज रात्री यंत्र थांबल्यावर पूर्ण रिकामी व्हायला हवी, आणि पट्ट्या कोरड्या होईपर्यंत पंखा थोडा वेळ चालू राहायला हवा. रोज सोडल्या जाणाऱ्या या पाण्याचा ब्लीडच्या हिशेबात समावेश केला तर वेगळे पाणी वाया जात नाही.

जुलैत नागपूरचे तापमान ३०-३१ अंश आणि वेट बल्ब २६ असते. त्या दिवसांत अ‍ॅप्रोच दीड अंशाचाच दिसेल आणि यंत्र सर्वोत्तम चालले आहे असे वाटेल. प्रत्यक्षात ते हवा तीन-साडेतीन अंशच उतरवत असते, बाहेरचा ओलावा मात्र जसाच्या तसा आत आणत असते. तेव्हा पाणी बंद करायचे, टाकी धुऊन कोरडी करायची, प्राथमिक पंखा फक्त बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असेल त्या वेळांतच चालवायचा आणि पट्ट्यांवर धरलेला क्षार सौम्य आम्लाने धुऊन ऑक्टोबरच्या उन्हापर्यंत यंत्र झाकून ठेवायचे.